अनोळखी माणसाला आपल्यामुळे लागलं, तर ‘तुम्ही काळजी घ्यायला हवी होती’ हे कोर्ट कशावरून ठरवतं?

शर्वरी_क
माझा भाऊ लांब अ‍ॅल्युमिनियमची शिडी खांद्यावर घेऊन चालला होता, कोपऱ्यावर वळला आणि शिडीचं मागचं टोक फिरून मागून येणाऱ्या एका बाईंच्या तोंडावर बसलं. पुढचे दोन दात तुटले. त्याने लगेच त्यांना दवाखान्यात नेलं, तिथला खर्चही दिला. आता महिन्याभराने वकिलाची नोटीस आली आहे, त्यात लिहिलंय की ‘आमच्या अशिलाप्रती काळजी घेण्याचं तुमचं कर्तव्य होतं आणि त्यात तुम्ही कसूर केली’.
माझा प्रश्न पैशाचा नाही. मला हे कर्तव्य कुठून आलं तेच कळत नाहीये. डॉक्टरचं पेशंटशी नातं असतं, मालकाचं कामगाराशी असतं, करार असतो, फी असते. या बाईंना तर भावाने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाप्रती माझं कर्तव्य आहे असं म्हटलं तर मग घराबाहेर पडायलाच नको. कोर्ट नेमकं काय बघतं? कायद्यातलं कळणाऱ्यांनी सांगा प्लीज.

नंदू८२
दवाखान्याचा खर्च दिला तिथेच चूक कबूल केल्यासारखं झालं. द्यायला नको होता.

माधवी_ग
नंदू, असं काही नाही हो. माणुसकीने दवाखान्यात नेलं म्हणजे दोष कबूल केला असा अर्थ कुठलंही कोर्ट आपोआप काढत नाही. उलट नेलं नसतं तर बाजू पडली असती.

सहज
बरं झालं कुणीतरी हा धागा काढला. माझ्या डोळ्यासमोर एक बाईकवाला पडला होता आणि गर्दी नुसती बघत होती. मी उचलला. घरचे म्हणाले पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस, तुझ्यावरच येईल. मग अनोळखी माणसाला मदत करायचं कर्तव्य आहे की नाही? कायद्याने त्या गर्दीवर केस का होत नाही?

दिवाणीवाला
सहज, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण इथे उपयोगी पडेल म्हणून आधी तोच घेतो. नुसतं बघत उभ्या राहिलेल्या माणसावर सहसा नुकसानभरपाईचा दावा चालत नाही, कारण त्याने काही केलेलं नसतं. ज्याच्या गाडीने ठोकलं त्या ड्रायव्हरवर मात्र मोटार वाहन कायद्याच्या १३४ कलमाने जखमीला उपचार मिळवून द्यायची जबाबदारी आहे, आणि मदत करणाऱ्या तुमच्यासारख्यांना २०१९च्या दुरुस्तीने १३४-अ कलमात संरक्षण दिलंय. घरच्यांना हे दाखवा.
आता शर्वरीताई. कोर्ट सगळ्यात आधी हीच रेघ ओढतं. तुम्ही कृती करून इजा केलीत, की कुणाला तरी वाचवलं नाहीत? दुसऱ्या प्रकारात नातं शोधावं लागतं, म्हणजे तुम्ही पालक होतात का, जबाबदारी अंगावर घेतली होतीत का, जागा तुमच्या ताब्यात होती का वगैरे. पहिल्या प्रकारात, आणि त्यातही शरीराला इजा झाली असेल तर, आधीच्या नात्याची गरजच नसते. भाऊ शिडी घेऊन वळला ही कृती आहे.
करार नाही हा मुद्दा १९३२ सालीच निकालात निघाला. स्कॉटलंडमधल्या एका बाईला मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली, बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, बाई आजारी पडल्या. बाटली त्यांनी विकत घेतलेली नव्हती, म्हणजे दुकानदाराशी करार नाही आणि कंपनीशी तर नाहीच. तरी हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं की कंपनीवर दावा चालू शकतो. माझ्या वागण्याने ज्यांना थेट झळ पोचेल हे मला आधी लक्षात यायला हवं, ते कायद्याच्या दृष्टीने माझे शेजारी, असं लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी मांडलं. आपली कोर्टंही याच वाटेने चालतात.

शर्वरी_क
थँक्यू, पण ‘लक्षात यायला हवं’ म्हणजे काय? त्याने वळून पाहिलं असतं तर त्या दिसल्याच असत्या. त्याला मागे कुणी आहे हे माहीतच नव्हतं. माहीत नसलेल्या माणसाचा विचार कसा करायचा?

अभ्यासू_पोपट
मी लॉ सेकंड इयरला आहे. कोर्ट तीन गोष्टी बघतं. इजा आधी ओळखता येण्यासारखी होती का, दोघांमध्ये पुरेशी जवळीक होती का, आणि कर्तव्य लादणं न्याय्य आणि वाजवी आहे का. १९९० ची केपॅरो केस. तिन्ही पायऱ्या पार झाल्या तरच ड्यूटी ऑफ केअर. तुमच्या भावाच्या बाबतीत दुसरी पायरी, म्हणजे जवळीक, तिथेच अडतं असं मला वाटतं कारण ते पूर्ण अनोळखी होते. आणि तिसऱ्या पायरीवर असं म्हणता येईल की प्रत्येक शिडी नेणाऱ्यावर कर्तव्य लादणं वाजवी नाही.

दिवाणीवाला
पोपटराव, तीन गोष्टी बरोबर सांगितल्यात, पण त्या प्रत्येक केसला लावायच्या नसतात. परीक्षेत बहुतेक मुलं हेच लिहितात, आणि इंग्लंडमधलं अपील कोर्टसुद्धा नेमकं इथेच घसरलं होतं. केपॅरो ही ऑडिटरची केस. हिशेब तपासले, त्यावर भरवसा ठेवून कुणीतरी शेअर घेतले, पैसे बुडाले. तिथे कुणाचा दात तुटला नव्हता. नुसतं आर्थिक नुकसान असेल किंवा परिस्थिती अगदी नवीन असेल तेव्हा कोर्ट तो विचार करतं.
एक केस नीट सांगतो, म्हणजे क्रम कळेल. जुलै २००८, इंग्लंडमधलं हडर्सफील्ड. ड्रग्ज विकण्याचा संशय असलेला एक तरुण भर रस्त्यात पोलिसांना दिसतो. साध्या वेशातले चार पोलीस ठरवतात की दोघांनी त्याला धरायचं आणि दोघांनी पलीकडच्या बाजूला थांबायचं, तो पळाला तर अडवायला. फुटपाथवर माणसांची ये-जा चालू आहे. ७६ वर्षांच्या एक नाजूक तब्येतीच्या आजी, श्रीमती रॉबिन्सन, त्या तरुणाच्या अगदी जवळून पुढे जातात, आणि त्याच क्षणाला दोन पोलीस त्याच्यावर झडप घालतात. झटापटीत सगळे आजींवर आदळतात, आजी खाली आणि बाकीचे वर. सीसीटीव्हीत सगळं आलंय.
पहिल्या कोर्टाने म्हटलं की पोलिसांचा निष्काळजीपणा झाला, पण गुन्हेगार पकडताना पोलिसांना दाव्यापासून मुभा आहे. अपील कोर्टाने पोपटरावांच्या तीन पायऱ्या लावल्या आणि म्हटलं की पोलिसांवर असं कर्तव्य लादणं वाजवी नाही, म्हणून कर्तव्यच नाही. २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे उलटवलं. लॉर्ड रीड यांचं म्हणणं असं की पोलीस असोत की आणखी कुणी, स्वतःच्या कृतीने अंदाज करता येण्यासारखी शारीरिक इजा करू नये हे तत्त्व कधीच ठरलेलं आहे, प्रत्येक वेळी नव्याने ‘वाजवी आहे का’ असं विचारत बसायचं नाही. आधी ठरलेल्या प्रकारात केस बसते का ते बघा. बसत असेल तर कर्तव्य आहे, विषय संपला. बसत नसेल तर जवळच्या जुन्या निकालांवरून एकेक पाऊल पुढे जा.
आता ताईंचा प्रश्न, माहीत नसलेला माणूस. त्या पोलिसांना आजी कोण हे ठाऊक असायची गरज नव्हती. वर्दळीच्या फुटपाथवर, पळू पाहणाऱ्या माणसाला धरताना, जवळच्या कुणालातरी लागेल हे आधी ओळखता येण्यासारखं होतं का, एवढाच प्रश्न. आणि तो पळेल, झटापट होईल हे गृहीत धरलं होतं म्हणून तर दोघांना पलीकडे ठेवलं होतं. आजी या ‘जवळचं कुणीतरी’ मध्ये येतात. तसंच रहदारीच्या कोपऱ्यावर लांब शिडी फिरवताना मागे कुणीतरी असेल, हे कळायला त्या बाई दिसायची गरज नाही.

अभ्यासू_पोपट
ओके, रॉबिन्सनचं नाव नोट्समध्ये होतं पण पोलिसांच्या मुभेचं उदाहरण म्हणून. हे वाचून क्रम पहिल्यांदा कळला.

तिरंदाज
मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. पोलिसांनी काय करायचं मग? आधी पंचवीस माणसं बाजूला करायची, तोवर तो पसार. अशाने कुणी कामच करणार नाही.

दिवाणीवाला
तिरंदाज, ही शंका न्यायाधीशांनाही होती. पण ती कर्तव्याच्या पायरीवर विचारात घ्यायची नाही, पुढच्या पायरीवर घ्यायची. कर्तव्य आहे म्हणजे हरलात असं नाही. त्यानंतर प्रश्न येतो की त्या परिस्थितीत शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली का. समजा तो तरुण कुणावर सुरी घेऊन धावला असता, तर गर्दीतही झडप घालणं योग्य ठरलं असतं. इथे तशी घाई नव्हती, आजी पुढे जाईपर्यंत थांबता आलं असतं, म्हणून पोलीस हरले.
माझ्या अनुभवात ‘कर्तव्यच नव्हतं’ म्हणून लढवल्या जाणाऱ्या दहातल्या बहुतेक केसेस खरं तर या दुसऱ्या पायरीच्या असतात.

माधवी_ग
इथे माझ्या आईचं सांगते. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने अंधुक दिसतं. इमारतीच्या दुरुस्तीसाठी ठेकेदाराच्या लोकांनी जिन्यासमोरच्या वाटेवर पाण्याचा पाइप आडवा टाकला होता, जमिनीपासून वीतभर वर, एका बाजूने ग्रिलला बांधलेला. आई पाय अडकून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ठेकेदाराचं उत्तर एकच, सकाळपासून दीडशे माणसं त्यावरून गेली, कुणालाच लागलं नाही, आजींना दिसत नाही त्याला आम्ही काय करणार. आम्ही गप्प बसलो. पण आजही वाटतं की आईला दिसत नाही हा आईचा दोष कसा?

सहज
माधवीताई वाईट वाटलं. आई आता कशा आहेत?

माधवी_ग
वॉकर घेऊन चालते. घरातल्या घरात.

दिवाणीवाला
माधवीताई, ठेकेदाराचं हे उत्तर जसंच्या तसं लंडनच्या वीज मंडळाने दिलं होतं. हेली नावाचे एक अंध गृहस्थ रोज पांढरी काठी घेऊन त्याच रस्त्याने कामाला जायचे. मंडळाने फुटपाथ खणला होता आणि खड्ड्याच्या आधी अडसर म्हणून एक जड ठोकणी तिरकी ठेवली होती, डोकं फुटपाथवर आणि दांड्याचं टोक बाजूच्या रेलिंगमध्ये सुमारे दोन फुटांवर अडकवलेलं. डोळस माणसाला पुरेसा इशारा. यांची काठी तिला लागलीच नाही, पाय अडकला, ते जोरात आपटले आणि त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. खालच्या कोर्टांत ते हरले, डोळसांसाठी व्यवस्था पुरेशी होती म्हणून.
१९६४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने हे फिरवलं. पाचशेत एक माणूस अंध असतो असा पुरावा आला होता, आणि अंध माणसं एकटी फिरतात हे लंडनमध्ये कुणालाही दिसतं. शिवाय पोस्ट खातं असल्याच खड्ड्यांभोवती दोन फुटी हलकं कुंपण लावत होतं, म्हणजे उपाय अवघड नव्हता की महागही नव्हता. तेव्हा ‘अंध माणूस येईल असं वाटलं नाही’ हे चालणार नाही. घराच्या मागच्या बोळात कुणी अंध येईल याचा विचार करायची सक्ती कदाचित नसेल, रहदारीच्या फुटपाथवर आहे.
तुमच्या आई राहत्या इमारतीच्या जिन्यासमोर होत्या. म्हातारी माणसं तिथे येणार हे ठेकेदाराला न कळायला काय झालं? मुदत उलटली नसेल तर एकदा कागद घेऊन स्थानिक वकिलाला भेटा. दीडशे माणसं सुखरूप गेली याने फक्त त्या दीडशेंचं सिद्ध होतं.

नंदू८२
म्हणजे सगळीकडे कर्तव्य आहेच की! शर्वरीताई पहिल्यांदा म्हणाल्या तेच खरं, घराबाहेर पडूच नये.

दिवाणीवाला
नाही, सगळीकडे नाही. हद्द आहे, आणि ती कधीकधी फार कठोर वाटते. एडिंबरोची १९३८ ची घटना. एक मोटरसायकलवाला वेगात थांबलेल्या ट्रामच्या बाजूने पुढे गेला आणि पुढे वळणाऱ्या गाडीवर आदळून ठार झाला. ट्रामच्या दुसऱ्या बाजूला एक मासेवाली आपली पाटी उतरवत होती, आठ महिन्यांची गरोदर. अपघाताची जागा तिच्यापासून ४५-५० फुटांवर. तिला काहीच दिसलं नाही, फक्त आवाज आला. नंतर तिने रस्त्यावरचं रक्त पाहिलं. धक्का बसला, महिन्याभराने मूल मृत जन्माला आलं. तिने मोटरसायकलवाल्याच्या वारसांवर दावा केला आणि हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये हरली.
का? तो निष्काळजी होता यात वाद नव्हता. गाडीच्या चालकाप्रती त्याचं कर्तव्य होतं आणि ते मोडलं होतं. पण ट्रामच्या आडोशाला, धोक्याच्या टप्प्याबाहेर असलेल्या बाईला धक्का बसेल हे त्याला ओळखता येण्यासारखं नव्हतं असं न्यायाधीश म्हणाले. दुसऱ्या कुणाप्रती झालेली कसूर उसनी घेऊन तिला दावा करता येत नाही. कोर्ट ‘हा माणूस निष्काळजी होता का’ एवढंच विचारत नाही, ‘या वादीच्या बाबतीत होता का’ असं विचारतं.

माधवी_ग
ती बाई हरली हे मला अजिबात पटत नाही. धडाम् आवाज झाल्यावर आजूबाजूच्यांना धक्का बसणार नाही तर काय होणार?

तिरंदाज
इथे मात्र मी कोर्टाच्या बाजूने. आवाज शंभर जण ऐकतात. सगळ्यांचे दावे चालवायचे का?

माधवी_ग
शंभर जणांचं मूल जात नाही, तिरंदाज.

दिवाणीवाला
तुम्हा दोघांचं भांडण न्यायाधीशांमध्येही झालंय. न्यूयॉर्कला १९२८ मध्ये पाल्सग्राफच्या केसमध्ये चार विरुद्ध तीन. रेल्वेच्या गार्डांनी धावत्या गाडीत चढणाऱ्याला हात दिला, त्याच्या हातातलं पुडकं पडलं, त्यात फटाके होते, स्फोट झाला आणि फलाटावर दूर उभ्या बाईंच्या अंगावर वजनकाटा पडला. कार्डोझो म्हणाले की पुडकं पाहून या बाईंना धोका आहे असं कुणालाच वाटलं नसतं, म्हणून त्यांच्याप्रती कर्तव्य नाही. अँड्र्यूज यांचं उलट मत होतं, काळजी साऱ्या जगाप्रती घ्यायची असते, नुकसानीचा धागा कुठे तोडायचा तो प्रश्न नंतरचा. माझं मन अँड्र्यूज यांच्याकडे झुकतं, पण निकाल कार्डोझोंचाच वापरला जातो.

रानवारा
हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे झाड पडून माणूस गेला तर महापालिका जबाबदार असते ना? दर पावसाळ्यात बातम्या येतात.

दिवाणीवाला
दोन निकाल शेजारी ठेवून बघा. दिल्लीत चांदणी चौकातला घंटाघर कोसळून माणसं मेली. इमारत ऐंशी वर्षांची, तसल्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षं असा पुरावा. १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने महापालिकेला जबाबदार धरलं. इमारत तिच्या मालकीची, रस्त्याला लागून, देखभाल तिचीच. उलट राजकोटमध्ये कामावर निघालेल्या माणसावर रस्त्याकडेचं झाड पडून तो गेला, तिथे १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. प्रत्येक झाडावर सतत नजर ठेवण्याचं कर्तव्य तिच्यावर टाकता येणार नाही असा सूर. म्हणजे पुन्हा कृती आणि न करणं यातली रेघ, आणि सार्वजनिक संस्था आली की ती जास्तच पुसट होते. झाड वाळलंय अशी लेखी तक्रार आधी गेलेली असेल तर चित्र बदलू शकतं.

रानवारा
राजकोटचा निकाल मला फार अन्यायाचा वाटतो. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी झाडावर दावा लावायचा का?

अभ्यासू_पोपट
आमच्या सरांनी वर्गात हाच प्रश्न विचारला होता, अर्धा वर्ग इकडे अर्धा तिकडे.

शर्वरी_क
मी सगळं दोनदा वाचलं. म्हणजे भावाने ‘माझं कर्तव्यच नव्हतं’ असं उत्तर देऊ नये, बरोबर ना? मग काही बाजू उरते का? नोटिशीत आणखी एक आहे, त्या बाईंच्या बरोबर त्यांची जाऊ होती, ती चार पावलं मागे होती, तिला रक्त बघून चक्कर आली आणि पडून मनगट मुरगळलं. तिचीही भरपाई मागितली आहे.

दिवाणीवाला
पहिल्या बाईंच्या बाबतीत कर्तव्याचा मुद्दा सोडून द्या, तिथे वेळ आणि फी वाया जाईल. लढायचं ते पुढच्या पायरीवर. शिडी किती लांब होती, एकट्याने नेण्यासारखी होती का? वळण्याआधी तो थांबला का, हाक दिली का, मागच्या टोकाला लाल फडकं होतं का, आडवी नेण्याऐवजी उभी धरून नेता आली असती का? त्या बाई फोनमध्ये बघत शिडीला अगदी लागून चालत होत्या का? असं असेल तर त्यांच्याही निष्काळजीपणाचा वाटा धरून भरपाई कमी होऊ शकते.
जावेचं खरंच सांगता येत नाही. मासेवालीच्या केसमध्ये ती ट्रामच्या आड होती, इथे जाऊ चार पावलांवर आहे, म्हणजे शिडीच्या टप्प्यातच म्हणता येईल. पण तिला शिडी लागली नाही, रक्त बघून चक्कर आली. दोन्ही बाजूंनी बोलता येईल, आणि न्यायाधीश कुणाकडे झुकतील ते पुरावा कसा येतो त्यावर आहे. तिला आधीपासून चक्कर यायची का हे वकिलाला जरूर सांगा.

माधवी_ग
जावेला द्या बाई काहीतरी. चार पावलांवर म्हणजे समोरच की.

तिरंदाज
मी असतो तर तिला नाही आणि त्या बाईंना दातांचा पूर्ण खर्च, इम्प्लांटसकट.

शर्वरी_क
शिडी बारा फुटी होती, घडी न होणारी. तो एकटाच होता, फडकं नव्हतं. आवाज दिला म्हणतो, पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ऐकला नाही असं सांगतोय. दुकानाला कॅमेरा आहे.

दिवाणीवाला
मग सगळ्यात आधी ते फुटेज लेखी मागून घ्या, आजच. बऱ्याच कॅमेऱ्यांत काही दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जातं, आणि तुमच्याकडे महिना होऊन गेलाय. नोटिशीचं उत्तर त्यात काय दिसतं ते बघूनच लिहायला सांगा.